अंगावरून गेलेलं वारं

मे महिना होता आणि साताऱ्याच्या घरात पाच वर्षांचा नातू पंखा लावू देत नव्हता. कोणी बटणाकडे हात नेला की रडायला लागायचा. खिडकीशी बसायचा नाही, आणि गाडीतून जाताना काच वर करायला लावायचा. दोन दिवस आम्ही त्याला हट्टी म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने, म्हणजे माझ्या भाचीने, त्याला मांडीवर घेऊन विचारले, "पंखा लावला तर काय होईल?" तो म्हणाला, "हात पण जातील."

मग उलगडा झाला. शेजारच्या बाईंनी त्याच्या पायांबद्दल विचारले तेव्हा माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आजी, म्हणाली होती, "अहो, जन्मतःच अंगावरून वारं गेलंय." आम्हा मोठ्यांना हा वाक्प्रचार इतका सवयीचा की त्यातले वारे कोणाला लागतसुद्धा नाही. मुलाला मात्र ते लागले. एकदा वारे गेले आणि पाय गेले, मग पंख्याचे वारे काय काय नेईल?

या वाऱ्याच्या मागे लागले की आयुर्वेदापाशी पोचतो. चरकसंहितेत पक्षाघात वातव्याधींमध्ये मोडतो, आणि आपला 'वारा' संस्कृत 'वात' किंवा त्याच्याच घरातल्या 'वातर'वरून आलेला असावा. म्हणजे 'वारं जाणे' हे वैद्यांच्या 'वात' या कल्पनेचे घरगुती भाषांतर दिसते. शरीरातला वात बिघडतो असे वैद्य सांगत होते. वाक्प्रचाराने तो वात बाहेर काढून अंगणातल्या वाऱ्यात मिसळून टाकला. 'पक्षाघात' या शब्दाचेही असेच. 'पक्ष' म्हणजे बाजू आणि पंखही, तर 'आघात' म्हणजे तडाखा. एका बाजूवर तडाखा बसला, एवढेच तो सांगतो. आमच्या नातवाचे दोन्ही पाय अडकतात आणि हात बरेचसे ठीक आहेत, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर 'डायप्लेजिया' लिहिलेले आहे. त्यांनी मराठीत 'मेंदूचा पक्षाघात' म्हटले तेव्हा घरातल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आजोबांचा शेवटचा आजार उभा राहिला. 'सेरेब्रल पाल्सी'तल्या 'पाल्सी' शब्दानेही फारशी मदत केली नाही. मुळात तो ग्रीक 'पॅरालिसिस'च, जुन्या फ्रेंचमधून येताना झिजलेला. त्या ग्रीक शब्दात 'सुटणे, सैल होणे' या अर्थाचा धातू आहे. आमच्या पोराचे पाय तर सैल होतच नाहीत, हेच त्याचे दुखणे.

पाच वर्षांच्या मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न असा शब्दांपाशीच येऊन अडला. तीन-साडेतीन वर्षांचा असताना प्रश्न सोपा होता. सकाळी स्प्लिंट चढवताना आई म्हणायची, "तुझ्या पायांचे स्नायू घट्ट होतात. स्प्लिंटमुळे टाच खाली टेकते." त्या वयाला एवढे पुरते. दिसणाऱ्या वस्तूचे नाव सांगायचे आणि ती काय काम करते ते सांगायचे. स्प्लिंटला कोणी 'जादूचे बूट' म्हणू नये असे मला तेव्हाही वाटत होते, कारण जादूचे बूट काढल्यावर जादू का संपते हे पुढे त्याला समजावावे लागले असते. पाचव्या वर्षी मूल स्वतःच कारणे जुळवू लागते. त्याला कोणी कारण दिले नाही तर ते कानावर पडलेल्या शब्दांतून एखादे घडवते. म्हणून त्या दिवशी भाचीने आधी "तुला काय वाटतं?" असे विचारले, ते फार योग्य झाले. उत्तर आधी दिले असते तर पंख्याची भीती तशीच आत राहिली असती.

मग तिने त्याला निरोपाची गोष्ट सांगितली. मेंदू पायांना निरोप पाठवतो, 'आवळ' असा आणि 'सोड' असाही. तू पोटातून लवकर बाहेर आलास तेव्हा मेंदूतल्या त्या वाटेला लागलं होतं, म्हणून 'सोड' हा निरोप पायांपर्यंत अर्धामुर्धा पोचतो. वाऱ्याने काही झालेलं नाही. ते कोणाकडून तुला लागलं नाही, तुझ्याकडून कोणाला लागणार नाही, आणि हातांना काही होणार नाही. वैद्यकाच्या दृष्टीने हे मला पुष्कळच नेमके वाटते. अशा पायांत आवळणाऱ्या आज्ञेपेक्षा ती आवरणारी आज्ञा दुबळी पडलेली असते, म्हणून स्नायू ताठ राहतात. आणि 'निरोप' हा शब्दही किती जुना! जुन्या मराठीत 'निरोपणे' म्हणजे सांगणे, विवरण करणे. संस्कृत 'निरूप'शी त्याचे नाते असावे, कीर्तनातले 'निरूपण' हे त्याचे सख्खे भावंड. पुढे 'निरोप' म्हणजे आज्ञा, मग संदेश, आणि शेवटी 'निरोप घेणे'मधली ताटातूट. पाय आणि मेंदू यांची ताटातूट झालेली नाही, फक्त संदेश धड पोचत नाही, हा फरक त्या एका शब्दात मावला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा त्याने स्वतः लावला.

सातव्या वर्षी दुसरा शब्द आला. व्यायाम करता करता त्याने विचारले, "मी बरा कधी होणार?" घरातल्या प्रत्येकाजवळ या प्रश्नाला एक तयार उत्तर होते, "होशील हं, व्यायाम केलास की होशील." मला हे उत्तर त्या सगळ्या वर्षांतले सर्वांत नुकसानकारक उत्तर वाटते. पाय मोकळे ठेवायला व्यायाम लागतोच, पण 'व्यायाम केलास की बरा होशील' याचा अर्थ मूल असा काढते की अजून बरा झालो नाही, तो मी कमी व्यायाम केला म्हणून. खोटे बोलणाऱ्याने सारे ओझे मुलाच्या पाठीवर ठेवले, आणि त्याचे त्यालाच ते कळलेही नाही.

'बरा' या शब्दानेच हा घोटाळा सोपा करून ठेवला आहे. तो संस्कृत 'वर'वरून आलेला दिसतो. 'वृ' म्हणजे निवडणे, 'वर' म्हणजे निवडलेला, श्रेष्ठ. त्याच 'वर'ने लग्नमंडपातही जागा धरली आणि नव्या वराचा 'नवरा' झाला, असे मानतात. मराठीत बरा म्हणजे चांगला आणि बरा म्हणजे आजारातून उठलेला. "बरा कधी होणार" असे विचारणाऱ्या मुलाला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येत असतात. आज मी चांगला नाही का, हाही प्रश्न त्यातच दडलेला असतो.

भाचीने ते दोन धागे वेगळे केले. ती म्हणाली, "ताप येतो तेव्हा आपण बरे होतो, कारण ताप जातो. तुझ्या मेंदूतली ती जागा ताप नाही. ती वाढणार नाही आणि जाणारही नाही. पाय घट्टच राहतील. व्यायाम केला की ते आखडत नाहीत, चालणं सोपं पडतं, पायऱ्या जमतात. पण व्यायामाने ते माझ्या पायांसारखे होणार नाहीत. आणि तू चांगला आहेसच, ती वेगळी गोष्ट." तो रडला. तिने रडू दिले. तिने 'समजूत काढली' नाही, समजावले, असे मी म्हणेन. 'समजणे' हे 'सम् + बुध्' यावरून आले असावे, आणि 'बुध्' म्हणजे जागे होणे. समजूत काढतो तेव्हा आपण मुलाला पुन्हा झोपवत असतो.

यानंतरचा शब्द मात्र घराला जड गेला. तो नवव्या वर्षाकडे झुकलेला, म्हणजे वय आठ पूर्ण, तेव्हाची गोष्ट. आजीने त्याला महाभारताच्या आदिपर्वातली विनतेची कथा सांगितली. विनतेला दोन अंडी होती. सवत कद्रूची अंडी आधी फुटली, तेव्हा हिला धीर निघेना. पाचशे वर्षे झाली होती आणि अजून तेवढीच थांबायची होती, तरी तिने एक अंडे फोडले. आतून अरुण निघाला, वरचा अर्धा देह पूर्ण वाढलेला आणि खालचा अपुरा. त्याने आईला शाप दिला, की घाई केलीस म्हणून सवतीची दासी होशील. पुढे तो सूर्याचा सारथी झाला. त्याचे एक नाव 'अनूरु', म्हणजे ज्याला मांड्या नाहीत असा.

बहिणीने ही गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगितली होती, पहाट होण्याआधी येणारा तो अरुण म्हणून. पोराने त्यातले दुसरेच उचलले. त्या रात्री त्याने आईला विचारले, "तू पण घाई केलीस का?"

भाची मला फोनवर म्हणाली, "मावशी, मला काही सुचलंच नाही. आठ वर्षं मी स्वतःला हेच विचारतेय." तो ३१व्या आठवड्यात जन्मला होता. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच्या जन्माला अकाली जन्म म्हणतात, म्हणजे तो सहा आठवडे त्याच्याही आधीचा. तिच्या कानावर इतक्या वर्षांत काय काय आले होते. ग्रहणात विळी हातात घेतलीस का, पपई खाल्लीस का, शेवटपर्यंत नोकरी का केलीस. त्यातच एका डॉक्टरांनी सांगितले होते, "जन्मजात दोष आहे." डॉक्टरांचा 'दोष' म्हणजे उणीव. आईने ऐकला तो 'दोष' म्हणजे अपराध. 'दुष्' म्हणजे बिघडणे, एवढाच हा धातू. त्यातून 'दूषित' झाले, 'दूषण' झाले, आयुर्वेदाचे तीन दोष झाले आणि न्यायालयातला 'दोषी'ही झाला. बिघाड आणि गुन्हा यांना एकच नाव देणारी भाषा अशा घरात फार सांभाळून वापरावी लागते.

तिने सकाळपर्यंत वेळ मागून घेतला. हे मला आवडले. "हा प्रश्न मोठा आहे, मी उद्या नाश्त्याच्या वेळी सांगते," असे म्हणून खरोखर दुसऱ्या दिवशी सांगणे यात काही कमीपणा नाही. ठरलेल्या वेळी ती विसरली असती तर मात्र त्याने पुन्हा विचारले नसते. मुले प्रश्न विचारायचे थांबतात तेव्हा त्यांना उत्तर मिळालेले असते असे नाही, बहुधा त्यांना कळलेले असते की हा प्रश्न या घरात दुखतो.

तिने सांगितले ते असे. मी घाई केली नाही. एका रात्री पोटातल्या पिशवीचं पाणी गेलं आणि कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी थांबवायचा प्रयत्न केला, थांबल्या नाहीत. का सुरू झाल्या ते त्यांना सापडलं नाही, पुष्कळदा सापडत नाही. विळी, ग्रहण, नोकरी यांचा त्याच्याशी संबंध नाही. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांच्या शेजारचा भाग नाजूक असतो, रक्ताचा पुरवठा थोडा जरी कमीजास्त झाला तरी तो दुखावतो. आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके त्या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात, हातांचे जरा लांबून. म्हणून तुझे पाय अडकले आणि हात वाचले. शेवटी ती म्हणाली, "मला वाईट वाटलं होतं, अजूनही कधी कधी वाटतं. पण तो माझा गुन्हा नाही आणि तुझाही नाही."

हे तंतूंचे कारण त्याला विलक्षण आवडले. कागदावर त्याने मेंदू काढला, मध्ये दोन तळी काढली, तळ्याकाठून पायांचा रस्ता आणि टेकडीवरून हातांचा. दोन वर्षे ते चित्र कपाटावर चिकटवलेले होते.

इथे मला 'सबब' हा शब्द आठवतो. मूळ अरबी 'सबब' म्हणजे दोर. दोर धरून एखाद्या गोष्टीपर्यंत पोचता येते, म्हणून त्याचा अर्थ 'साधन' झाला आणि मग 'कारण'. फारसीतून तो मराठीत आला. जुन्या दफ्तरांत 'सबब' म्हणजे 'या कारणाने', आणि आजही कचेरीच्या आदेशात निकालाच्या आधी तो येतो. बोलण्यात मात्र त्याची घसरण झाली. सबब सांगणे म्हणजे टाळण्यासाठी पुढे केलेले निमित्त, आणि ते फारच कच्चे असले तर आपण त्याला 'लंगडी सबब' म्हणतो. 'कारण' शब्दही त्याच उतारावर आहे, 'कारणे सांगू नकोस' म्हणतो तेव्हा. एका शब्दाच्या पोटात दोर आणि पळवाट दोन्ही आहेत. आठ-नऊ वर्षांचे मूल दोर मागत असते. हे हातात धरून कुठे पोचतो ते त्याला पाहायचे असते. 'देवाची इच्छा' किंवा 'तू खास आहेस म्हणून' ही उत्तरे त्याच्या हातात काहीच देत नाहीत. तळ्याकाठचा रस्ता देतो.

दहाव्या वर्षी त्याने स्वतःचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र वाचले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, १९९५च्या कायद्यात सातच होते. बहुतेक आरक्षणे आणि सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. त्याच्या कागदावर ६० टक्के लिहिले होते आणि 'कायमस्वरूपी' असेही. तो म्हणाला, "म्हणजे मी चाळीसच टक्के चांगला?" शाळेत नुकतेच शेकडेवारीचे गणित शिकवले होते, त्यामुळे वजाबाकी चटकन झाली.

मी तिथे होते, म्हणून माझ्या आवडीचे उत्तर दिले. 'टक्का' हा 'टंक' या नाण्याच्या घराण्यातला, तोच 'टका'. पैशाच्या हिशेबासाठी जन्मलेला शब्द आहे. सरकारला कोणाला काय द्यायचे याचा हिशेब लागतो, म्हणून डॉक्टर सांधे, स्नायूंची ताकद, तोल अशा गोष्टी मोजून एक आकडा काढतात. बसच्या पासासाठी तो उपयोगी आहे. तुझे गणित, तुझे गाणे, तुझा राग त्यात मोजलेला नाही. 'कायम'बद्दल मी काही बोलणार नव्हते, पण त्यानेच विचारले. अरबी 'काइम' म्हणजे उभा असलेला. 'मुक्काम'ही त्याच घरातला, थांबायची जागा. जे उभे आहे ते टिकते, म्हणून कायम म्हणजे टिकणारे. तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला उभं राहता येत नाही असं लिहायला उभा हा शब्द वापरलाय." मला त्याचा अभिमान वाटला आणि पोटात तुटलेही.

त्याच वर्षी शाळेत कोणीतरी 'अपंग' म्हणून हाक मारली. 'अपंग' हा संस्कृत 'अपाङ्ग'चा वंशज दिसतो, 'पंगु'ची सावलीही त्याच्यावर पडलेली असावी. 'अपाङ्ग' म्हणजे ज्याचे अंग उणे असा. पण संस्कृत काव्यात 'अपांग' म्हणजे डोळ्याचा कोपरा, जिथून कटाक्ष टाकतात. 'विकलांग'मधला 'विकल' म्हणजे एक कला कमी असलेला, चंद्राच्या सोळा कलांसारखी. 'दिव्यांग' हा २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात सुचवला आणि लगेच सरकारी झाला. महाराष्ट्राने २०२२ साली त्या नावाचा स्वतंत्र विभागच उघडला. मला स्वतःला 'दिव्य' या शब्दाची थोडी धास्ती वाटते. ज्याला जिना चढता येत नाही त्याला दिव्य म्हटले की रॅम्प बांधायची निकड कमी होते. पण ही माझी आवड झाली. भाचीने त्याला सगळे शब्द सांगितले, कोणता कोण वापरतो तेही सांगितले, आणि स्वतःसाठी कोणता घ्यायचा ते त्याच्यावर सोडले. तो 'सीपी' म्हणतो. वर्गात कोपऱ्यातून पाहणाऱ्यांसाठी त्याच्याकडे वेगळे उत्तर आहे. तो त्यांना 'अपांगवाले' म्हणतो, आणि ते त्यांना कळत नाही याचा त्याला फार आनंद होतो.

बाराव्या वर्षी जे सांगायचे होते ते त्याने विचारले नव्हते. तरी सांगावे लागले. मेंदूतली इजा वाढत नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणून चालणे कधी अवघड होणार नाही असा त्याने अर्थ काढला होता. पण वयात येताना हाडे झपाट्याने लांब होतात, ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, वजनही वाढते. दहाव्या वर्षी सहज चालणारी मुले चौदाव्या वर्षी दमू लागतात, गुडघे जास्त वाकतात, काहींना लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर सोयीची वाटते. हे आधी सांगितले नाही तर मुलाला वाटते की आपणच कुठेतरी आळस केला, किंवा लहानपणी आपल्याला खोटे सांगितले. भाचीने या वेळी डॉक्टरांना आधी फोन करून ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलू नका, त्याच्याशी बोला. मी बाहेर बसते." अर्ध्या तासाने तो बाहेर आला. डॉक्टरांना त्याने काय विचारले ते तिला त्याने आजवर सांगितलेले नाही, आणि तिने विचारलेले नाही.

गेल्या दिवाळीत माळ्यावरून पांगुळगाडा खाली काढला, धाकट्या भाचीच्या वर्षाच्या मुलीसाठी. तीन चाके आणि एक आडवा दांडा, आमच्या घरातली चार पोरे त्याच्यावर चालायला शिकली. संस्कृत 'पङ्गु'वरून 'पांगळा', 'पांगुळ', आणि त्याचा गाडा म्हणून पांगुळगाडा. चालू न शकणाऱ्याचे नाव मराठीने प्रत्येक तान्ह्याच्या पहिल्या वाहनाला दिले आहे. नातू आता तेरा वर्षांचा आहे. तो कुबड्या बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसला होता आणि गाडा उलटू नये म्हणून पायाने चाक अडवत होता. त्या मुलीची चार वर्षांची बहीण त्याच्या स्प्लिंटवर बोट ठेवून म्हणाली, "दादा, तुझे पाय असे का?"

स्वयंपाकघरातून तिची आई घाईने म्हणाली, "अगं, असं विचारू नये."

"विचारू दे, मावशी," तो म्हणाला. मग त्या पोरीकडे वळला. "माझे स्नायू घट्ट होतात. हे घातलं की टाच खाली टेकते." थोडा थांबून त्याने विचारले, "तुला काय वाटलं होतं?"

"तुला बूट चावला असेल."

"नाही," तो म्हणाला, "चावला नाही," आणि पट्टा सोडून तिला आतला मऊ फोम दाखवू लागला.